विश्लेषण : परदेशी माल स्वस्त, म्हणजे ‘डम्पिंग’ झाले का? अँटी-डम्पिंग शुल्क नेमके कशावर लागते?

मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारने चीनमधून येणाऱ्या काही वस्तूंवर अँटी-डम्पिंग शुल्क लावले. त्यात ॲल्युमिनियम फॉइल होते, काही रसायने होती आणि घराघरांत दिसणारी एक वस्तूही होती : स्टेनलेस स्टीलचा व्हॅक्यूम फ्लास्क, म्हणजे आपला थर्मास. थर्मासवर टनामागे १,७३२ डॉलर शुल्क लागले. डॉलर साधारण ८५ रुपयांचा धरला तर किलोला सुमारे १४७ रुपये होतात. अर्धा किलो वजनाच्या थर्मासवर ही रक्कम सत्तर रुपयांच्या पुढे जाते.

अशी बातमी आली की समाजमाध्यमांवर दोन सूर हमखास उमटतात. पहिला म्हणतो, ‘चीन मुद्दाम तोट्यात माल विकून आपले कारखाने बंद पाडतो आहे.’ दुसरा म्हणतो, ‘स्वस्त मिळत होते ते सरकारने महाग केले.’ पण कायद्याच्या भाषेत डम्पिंग म्हणजे तोट्यात विक्री नव्हे आणि नुसता स्वस्त मालही नव्हे. मग डम्पिंग म्हणजे काय, प्रतिस्पर्ध्याला उठवण्यासाठी लावलेला दर त्याहून वेगळा कसा आणि शुल्काची रक्कम कशी ठरते, हे एका छोट्या हिशेबातून समजून घेऊ.

डम्पिंगची व्याख्या काय?

एखादा उत्पादक आपल्या देशात ज्या किमतीला माल विकतो, त्याहून कमी किमतीला तोच माल दुसऱ्या देशात निर्यात करत असेल, तर ते डम्पिंग. ‘गॅट’ कराराचे सहावे कलम आणि जागतिक व्यापार संघटनेचा अँटी-डम्पिंग करार यांत हीच कल्पना आहे. भारतात सीमाशुल्क दर कायदा, १९७५ चे कलम ९-ए आणि १९९५ चे नियम त्यावरच उभे आहेत.

या व्याख्येत ‘तोटा’ हा शब्द नाही आणि ‘हेतू’ हाही शब्द नाही. तुलना फक्त दोन किमतींची आहे. मायदेशातल्या किमतीला ‘सामान्य मूल्य’ म्हणतात आणि परदेशात पाठवलेल्या मालाच्या किमतीला ‘निर्यात किंमत’. दोन्ही किमती कारखान्याच्या दारापर्यंत आणून तोलतात. म्हणजे वाहतूक, विमा, दलाली, कर वगैरे वजा करून उरेल ती किंमत पाहतात. दोहोंतला फरक म्हणजे डम्पिंग मार्जिन.

अर्थशास्त्रज्ञ जेकब व्हायनर यांनी १९२३ मध्ये डम्पिंगवर जे पुस्तक लिहिले, त्यातही त्यांनी डम्पिंगची व्याख्या ‘दोन देशांच्या बाजारांतला किंमतभेद’ अशीच केली होती. किंमतभेद म्हणजे एकाच वस्तूसाठी वेगवेगळ्या गिऱ्हाइकांकडून वेगवेगळा दर घेणे.

किंमतभेद म्हणजे लबाडी आहे का?

नाही. तो रोजचा व्यवहार आहे. मल्टिप्लेक्सचा सकाळचा खेळ स्वस्त असतो आणि शनिवारी संध्याकाळी त्याच खुर्चीला जास्त पैसे पडतात. इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांना तर याचे उदाहरण पाठ्यपुस्तकाच्या मुखपृष्ठावरच दिसते. जे परदेशी पुस्तक अमेरिकेत शंभर डॉलरच्या वर जाते, त्याची आशियाई आवृत्ती इथे काहीशे रुपयांत मिळते आणि तिच्यावर ‘या देशांबाहेर विक्रीस मनाई’ असे छापलेले असते.

प्रकाशक इथे धर्मादाय करत नसतो. अमेरिकी विद्यार्थी जास्त पैसे देऊ शकतो, त्याच्याकडून जास्त घेतले जातात. इथल्या विद्यार्थ्याला तो दर लावला तर तो पुस्तक घेणारच नाही, झेरॉक्स काढेल. म्हणून इथे कमी दर लावूनही प्रकाशकाच्या हाती काही तरी उरते.

मात्र किंमतभेद टिकायचा असेल तर स्वस्त बाजारातला माल महाग बाजारात परत जाता कामा नये. सुपाप कीर्तसेंग या थायलंडच्या विद्यार्थ्याने अमेरिकेत शिकताना नेमके हेच केले. नातेवाइकांकडून थायलंडमधल्या स्वस्त आवृत्त्या मागवून तो त्या अमेरिकेत विकू लागला. जॉन वायली या प्रकाशकाने त्याच्यावर दावा लावला. २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल विद्यार्थ्याच्या बाजूने दिला. आयात शुल्क, वाहतूक खर्च, परवाने, वेगळी मानके ही देशादेशांतली कुंपणे असतात. ती जितकी उंच, तितका दोन बाजारांत वेगळा दर लावणे सोपे.

आकड्यांत हे कसे दिसते?

एक काल्पनिक कारखाना घेऊ. हे आकडे समजण्यासाठी आहेत, वर उल्लेखलेल्या चौकशीतले नाहीत.

परदेशातला एक कारखाना रोज १,००० थर्मास बनवू शकतो. भाडे, यंत्रांचे हप्ते, कायम कामगारांचे पगार असा स्थिर खर्च रोजचा १ लाख रुपये. तो एक थर्मास बनवला तरी लागतो आणि हजार बनवले तरी लागतो. स्टील, वीज, पॅकिंग असा बदलता खर्च थर्मासमागे ३०० रुपये.

मायदेशात या कंपनीचा ब्रँड प्रसिद्ध आहे आणि आयातीवर बंधने आहेत. तिथे ती ६०० रुपयांना रोज ६०० थर्मास विकते. दर ५५० केला तर ७०० विकले जातील आणि ६५० केला तर ५००. थर्मासमागचे ३०० रुपये वजा करून पाहिले तर ६०० रुपये दराला रोज १ लाख ८० हजार हाती राहतात. इतर दोन्ही दरांना १ लाख ७५ हजारच राहतात. म्हणून मायदेशात ६०० हाच तिच्या फायद्याचा दर. स्थिर खर्च वजा जाता रोजचा नफा ८० हजार रुपये.

आता कारखान्यात रोज ४०० थर्मास बनवण्याची क्षमता रिकामी आहे. भारतातून तेवढी मागणी आली. पण भारतात अनेक विक्रेते आहेत, या ब्रँडला कुणी ओळखत नाही आणि ४२० च्या वर दर मागितला तर आयातदार दुसरीकडे जातो. कंपनी ४२० ला होकार देते. थर्मासमागे १२० रुपये उरतात, ४०० थर्मासचे ४८ हजार. रोजचा नफा ८० हजारांवरून १ लाख २८ हजारांवर जातो.

पूर्ण क्षमतेने कारखाना चालला की स्थिर खर्च थर्मासमागे १०० रुपये पडतो. म्हणजे एकूण खर्च ४०० रुपये आणि भारतातला दर ४२०. एकही थर्मास तोट्यात विकलेला नाही. कुणाला संपवायचा बेतही नाही. तरी मायदेशात ६०० आणि भारतात ४२०, असा १८० रुपयांचा फरक आहे. निर्यात किमतीच्या तुलनेत तो सुमारे ४३ टक्के भरतो. कायद्यानुसार हे डम्पिंग आहे.

मग ‘प्रिडेटरी प्रायसिंग’ कशाला म्हणायचे?

प्रतिस्पर्ध्याला बाजारातून उठवण्यासाठी मुद्दाम तोटा सोसायचा आणि तो उठला की दर चढवून तोटा वसूल करायचा, याला प्रिडेटरी प्रायसिंग म्हणतात. इथे दोन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात : आज खर्चापेक्षा कमी दर आणि उद्या वसुलीची खरी शक्यता.

वरच्याच कारखान्याचे आणखी दोन दर पाहू.

पहिला दर ३५० रुपये. हा ४०० रुपयांच्या एकूण खर्चापेक्षा कमी आहे. ‘तोट्यात विक्री’ असे म्हणता येईल. पण थर्मास बनवायला नव्याने लागणारे पैसे ३०० च आहेत. म्हणजे प्रत्येक थर्मासमागे ५० रुपये स्थिर खर्चाकडे जमा होतात. यंत्रे बंद ठेवण्यापेक्षा हा व्यवहार बरा. मंदीत भारतातले कारखानेही हेच करतात. हा दर डम्पिंग आहे, पण त्यावरून प्रतिस्पर्ध्याला संपवण्याचा डाव सिद्ध होत नाही.

दुसरा दर २५० रुपये. आता प्रत्येक थर्मासमागे खिशातले ५० रुपये जातात. जितके जास्त विकाल तितका तोटा मोठा. साधा व्यापारी असे फार दिवस करणार नाही. इथे मात्र ‘का?’ हा प्रश्न विचारावा लागतो.

वसुलीचा हिशेब मांडू. नेहमीचा ४२० दर सोडून २५० ला विकल्याने कंपनी थर्मासमागे १७० रुपयांवर पाणी सोडते, ४०० थर्मासमागे रोजचे ६८ हजार. समजा भारतीय कारखाने बंद पडले आणि तिने दर ५०० केला. नेहमीपेक्षा ८० रुपये जास्त, म्हणजे रोजचे ३२ हजार. एका दिवसाचा तोटा भरून काढायला दोन दिवसांहून जास्त लागतात. दोन वर्षे हा खेळ केला तर वसुलीला चार वर्षांहून अधिक काळ हवा. व्याज यात धरलेले नाही आणि दर वाढल्यावर मागणी घटेल तेही धरलेले नाही. शिवाय त्या चार वर्षांत व्हिएतनाम किंवा थायलंडचा कारखानदार ४५० ला माल घेऊन येऊ शकतो. तसे झाले की सगळे मुसळ केरात.

म्हणून स्पर्धा कायद्यात या आरोपाची कसोटी कडक आहे. भारतात स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ४ खाली आधी कंपनीचे बाजारावर वर्चस्व आहे हे दाखवावे लागते. मग दर खर्चाखाली आहे हे आणि त्यामागे स्पर्धा कमी करण्याचा किंवा स्पर्धकाला घालवण्याचा उद्देश आहे हेही. खर्च मोजताना साधारणपणे सरासरी बदलता खर्च धरला जातो, म्हणजे आपल्या उदाहरणातले ३०० रुपये.

थोडक्यात, आपल्या कारखान्याचे ४२०, ३५० आणि २५० हे तिन्ही दर डम्पिंगमध्ये मोडतात. प्रिडेटरी प्रायसिंगचा संशय फक्त शेवटच्या दरावर येतो.

एकाच व्यवहाराला दोन कायदे दोन उत्तरे देतात का?

देतात आणि याचे गाजलेले उदाहरण अमेरिकेतले आहे. जपानी टीव्ही कंपन्या मायदेशात चढ्या दराने आणि अमेरिकेत स्वस्तात टीव्ही विकत होत्या. १९७१ मध्ये अमेरिकेच्या अर्थ खात्याने हे डम्पिंग असल्याचा निष्कर्ष काढला. दोन किमतींत फरक होता, तेवढे पुरे होते.

झेनिथ या अमेरिकी कंपनीने मात्र वेगळा दावा लावला. जपानी कंपन्यांनी संगनमत करून, मायदेशातल्या नफ्याच्या जोरावर तोटा सोसून आम्हाला संपवण्याचा कट केला, असा तो आरोप होता. १९८६ मध्ये ‘मात्सुशिता विरुद्ध झेनिथ’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी हा आरोप आर्थिकदृष्ट्या पटण्याजोगा नसल्याचे म्हटले. आरोपानुसार कट सुरू होऊन दोन दशके लोटली होती, तरी किरकोळ बाजारात सर्वांत मोठा वाटा आरसीए आणि झेनिथ या अमेरिकी कंपन्यांचाच, दोघींचा मिळून सुमारे ४० टक्के होता. वीस वर्षे तोटा सोसायचा आणि वसुलीचा दिवसच उजाडायचा नाही, असा कट कोण करेल, असा न्यायालयाचा रोख होता.

पुढे अमेरिकी टीव्ही कंपन्या खरोखरच मागे पडल्या. १९९५ मध्ये झेनिथची बहुसंख्य मालकी कोरियाच्या एलजीकडे गेली. म्हणजे आयातीने देशी उद्योगाला धक्का बसू शकतो, हे खरेच. पण जपान्यांना मक्तेदारीचा चढा दर काही लावता आला नाही, कारण मागून कोरियन आले. उद्योगाचे नुकसान आणि ग्राहकाची पुढे होणारी लूट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अमेरिकेच्या १९१६ च्या एका कायद्यात डम्पिंगबरोबर उद्योग नष्ट करण्याचा हेतूही सिद्ध करावा लागे आणि त्यासाठी दंड, तुरुंगवास व तिप्पट भरपाईची तरतूद होती. २००० मध्ये जागतिक व्यापार संघटनेने तो नियमबाह्य ठरवला आणि २००४ मध्ये अमेरिकेने तो रद्द केला. डम्पिंगवर करारात बसणाराच उपाय करा, शिक्षा नको, असा त्याचा अर्थ.

मग डम्पिंग दिसले की शुल्क लागते का?

नाही. नुसते डम्पिंग पुरेसे नाही. तीन गोष्टी दाखवाव्या लागतात : डम्पिंग आहे, देशी उद्योगाचे लक्षणीय नुकसान झाले आहे आणि ते नुकसान याच मालामुळे झाले आहे. तिसरी कडी अनेकदा कच्ची निघते. देशी कारखान्याचा नफा घटला तो जुन्या यंत्रांमुळे, महाग विजेमुळे, मागणी आटल्यामुळे की देशातल्याच नव्या स्पर्धकामुळे, हे वेगळे काढावे लागते.

चौकशी वाणिज्य मंत्रालयाखालील व्यापार उपाय महासंचालनालय, म्हणजे ‘डीजीटीआर’ करते. साधारणपणे देशी उद्योगाच्या अर्जावरून ती सुरू होते. अर्जाला पाठिंबा देणाऱ्यांचे उत्पादन देशातल्या एकूण उत्पादनाच्या किमान २५ टक्के असावे लागते आणि विरोध करणाऱ्यांपेक्षा जास्तही. डम्पिंग मार्जिन २ टक्क्यांहून कमी असेल किंवा त्या देशातून येणारा माल एकूण आयातीच्या ३ टक्क्यांहून कमी असेल, तर सहसा प्रकरण तिथेच संपते. चौकशीला वर्षभर लागते आणि ती दीड वर्षापर्यंत लांबू शकते.

डीजीटीआर फक्त शिफारस करते. शुल्क लावायचे की नाही हे अर्थ मंत्रालय तीन महिन्यांत ठरवते. ‘डीजीटीआरची शिफारस’ ही बातमी वाचून शुल्क लागले असे समजण्याची चूक अनेकदा होते. शुल्क लागलेच तर ते जास्तीत जास्त पाच वर्षांचे असते. त्यानंतर पुन्हा आढावा घेऊनच वाढवता येते.

शुल्काची रक्कम कशी ठरते?

आपल्या उदाहरणात डम्पिंग मार्जिन १८० रुपये होते. मग शुल्कही १८० का? तसे नाही. भारतात ‘कमी तेवढेच’ हा नियम पाळला जातो. देशी उद्योगाचे नुकसान भरून निघण्यापुरतेच शुल्क लावायचे, डम्पिंग मार्जिनच्या वर कधीच नाही.

त्यासाठी डीजीटीआर देशी उद्योगाची ‘नुकसान न होणारी किंमत’ काढते. कार्यक्षमतेने चालणाऱ्या कारखान्याचा खर्च आणि गुंतवणुकीवर वाजवी परतावा मिळून ती ठरते. समजा ती ५६० रुपये आली. आता आयात थर्मास बंदरात किती रुपयांना पडतो ते पाहू. कारखान्यातले ४२०, त्यावर वाहतूक-विमा ३०, म्हणजे ४५०. त्यावर समजा १० टक्के सीमाशुल्क ४५. एकूण ४९५. म्हणजे ५६० पेक्षा तो ६५ रुपयांनी स्वस्त आहे. याला नुकसान मार्जिन म्हणतात.

१८० आणि ६५ यांत जे कमी ते शुल्क, म्हणजे ६५ रुपये. आयात थर्मास आता ५६० ला पडेल. तो बंद होणार नाही, देशी मालाच्या बरोबरीला येईल.

चीनच्या बाबतीत गुंतागुंत कुठे होते?

आपण मायदेशातली किंमत ६०० धरली आणि पुढे गेलो. चीनच्या प्रकरणात वाद नेमका तिथेच पेटतो. जमीन, कर्ज, वीज यांचे दर सरकार ठरवत असेल तर तिथली किंमत खरी बाजारातली मानायची का? चीन २००१ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत आला तेव्हाच्या अटींमुळे इतर देशांना तिथली किंमत बाजूला ठेवून दुसरा आधार घेण्याची मुभा मिळाली. त्यातली एक तरतूद डिसेंबर २०१६ मध्ये संपली, पण तिच्या अर्थावरून वाद राहिला. भारतात आजही चिनी कंपन्यांना बाजाराधारित परिस्थिती स्वतः सिद्ध करावी लागते. नाही तर एखाद्या तिसऱ्या देशातली किंमत किंवा भारतातला उत्पादन खर्च व वाजवी नफा यांवरून सामान्य मूल्य बांधले जाते.

याचा परिणाम साधा आहे. ६०० च्या जागी ७०० धरले की १८० चे मार्जिन २८० होते. कारखान्याने काहीही न बदलता ‘डम्पिंग’ वाढते. म्हणूनच मोठ्या टक्केवारीचा आकडा पाहून निष्कर्ष काढण्याआधी तो कशाशी तुलना करून आला आहे, हे पाहायला हवे.

शुल्काचे पैसे शेवटी कोण भरतो?

सरकारी तिजोरीत ते आयातदार भरतो. पुढे ते माल वापरणाऱ्याकडे सरकतात. थर्मास थेट ग्राहकाच्या हाती जातो, तिथे प्रश्न साठ-सत्तर रुपयांचा राहतो. वस्तू जर दुसऱ्या उद्योगाचा कच्चा माल असेल तर चित्र बदलते.

‘पीटीए’ या रसायनाचे प्रकरण हेच सांगते. पीटीएपासून पॉलिस्टर बनते, पॉलिस्टरपासून धागा आणि तो धागा भिवंडी, इचलकरंजीच्या मागांपर्यंत पोहोचतो. देशात पीटीए बनवणाऱ्या कंपन्या हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या, तर ते पुढे वापरणारे हजारो. चीनसह अनेक देशांतून येणाऱ्या पीटीएवर काही वर्षे अँटी-डम्पिंग शुल्क होते. वापरणाऱ्यांची तक्रार होती की त्यांना कच्चा माल जगापेक्षा महाग घ्यावा लागतो आणि मग तयार कापडात ते मागे पडतात. १ फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी जनहिताचे कारण देऊन हे शुल्क रद्द केले.

डम्पिंगची व्याख्या उत्पादकाच्या नुकसानीकडे पाहते. वापरणाऱ्याचे नुकसान तिच्या हिशेबात मध्यवर्ती नाही. ते तोलण्याचे काम शेवटी अर्थ मंत्रालयाच्या टेबलावर होते, तेही तिथवर वापरणाऱ्यांचा आवाज पोहोचला तर.

म्हणजे परदेशी स्वस्ताईची भीती निराधार आहे का?

तसेही नाही. वसुली अवघड असते ती नवा पुरवठादार सहज येऊ शकतो अशा बाजारात. पेनिसिलिन जी या औषधी कच्च्या मालाचे उत्पादन भारतात पूर्वी होत असे. स्वस्त चिनी मालापुढे ते थांबले आणि देश आयातीवर अवलंबून राहिला. किण्वनाचा असा मोठा प्रकल्प पुन्हा उभा करायला वर्षे आणि मोठी गुंतवणूक लागते. २०२० मध्ये सरकारला त्यासाठी उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना आणावी लागली. अशा वस्तूंत कारखाने एकदा बंद पडले की दर वाढूनही ते लगेच उघडत नाहीत. तिथे सावधगिरीला आधार आहे. थर्मास आणि पेनिसिलिन यांना एकच माप लावता येत नाही ते यामुळे.

आणखी एक फरक लक्षात ठेवावा. एप्रिल २०२५ मध्ये पोलादाच्या काही उत्पादनांवर लावलेले १२ टक्के तात्पुरते शुल्क अँटी-डम्पिंग नव्हते. ते ‘सेफगार्ड’ शुल्क होते. आयात अचानक वाढली की ते लावता येते, विकणाऱ्याने किमतीत गैर केले असा आरोप त्यात नसतो. परदेशी सरकारच्या अनुदानाविरोधात लागते ते तिसरेच, प्रतिपूर्ती शुल्क.

पुढची बातमी वाचताना काय पाहावे?

चार प्रश्न पुरेत. एक, ही डीजीटीआरची शिफारस आहे की अर्थ मंत्रालयाची अधिसूचना? दोन, सामान्य मूल्य त्या देशातल्या प्रत्यक्ष किमतीवरून काढले आहे की बांधलेले आहे? तीन, शुल्क डम्पिंग मार्जिनएवढे आहे की नुकसान मार्जिनएवढे? चार, देशात ती वस्तू बनवणारे किती आणि वापरणारे किती?

डीजीटीआरचे अंतिम निष्कर्ष तिच्या संकेतस्थळावर जाहीर होतात. गोपनीयतेमुळे कंपन्यांचे खरे आकडे त्यात झाकलेले असतात, पण मार्जिनचे पट्टे आणि नुकसानीचा कल दिसतो. ‘चीनने तोट्यात माल ओतला’ असे वाक्य बातमीत दिसले तर निष्कर्षात खर्चाचा उल्लेख आहे की फक्त दोन किमतींतल्या फरकाचा, हे तिथे तपासता येते. बहुतेक वेळा शुल्क उभे असते ते त्या फरकावर.